वीज सांभाळायची कन्व्हर्टरने, पात्यांनी सांभाळायचा वेग

प्रश्न: सर, एम.टेक.च्या प्रकल्पासाठी मी ५ मेगावॉटच्या रेफरन्स टर्बाइनचं मॉडेल चालवतोय. जनरेटरचा टॉर्क कायम ठेवलाय आणि ठरलेली वीज व प्रत्यक्ष वीज यांतला फरक पीआय कंट्रोलरला देऊन पात्यांचा कोन बदलतोय. गेन रिपोर्टमधल्या आकड्यांवरून काढले. १२ मी./से. वाऱ्याला बरं चालतं, २२ ला पाती सतत मागेपुढे होतात आणि टॉवर डुलायला लागतो. गेन कमी केले तर १२ च्या आसपास वेग हाताबाहेर जातो. शिवाय वीज सरळ रेषेत हवी म्हणून कन्व्हर्टरला कायम ५ मेगावॉट काढायला सांगितलं, तर रोटर सुसाटच सुटला. नेमकं चुकतंय कुठे?

उत्तर:

तुमच्या मॉडेलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. रोटर सुटला त्याचं कारण निराळं आणि २२ मी./से.ला पाती थरथरतात त्याचं निराळं. रोटरपासून सुरुवात करतो, कारण ते उलगडलं की दुसरं समजायला सोपं जातं.

तुम्ही एनआरईएलचं ५ मेगावॉटचं संदर्भ-यंत्र वापरताय असं धरतो. त्याचा २००९ चा रिपोर्ट उघडा असून त्यात लागतील ते सगळे आकडे आहेत. रोटरचा व्यास १२६ मीटर, रेटेड वारा ११.४ मी./से., रोटरचा रेटेड वेग मिनिटाला १२.१ फेरे, गिअरबॉक्स ९७ पट, म्हणजे जनरेटर मिनिटाला ११७३.७ फेरे. तारेवर ५ मेगावॉट मिळवायचे तर जनरेटरच्या शाफ्टवर सुमारे ५.३ मेगावॉट लागतात.

वीज म्हणजे टॉर्क गुणिले वेग. आजच्या यंत्रांत टॉर्क कन्व्हर्टरच्या हातात असतो आणि तो काही मिलिसेकंदांत बदलता येतो. पाती मात्र जड आहेत. या यंत्रात एकेक पातं साडेसतरा टनांच्या पुढे जातं आणि सेकंदाला जास्तीत जास्त ८ अंश फिरू शकतं. झुळूक आली की वीज सपाट ठेवण्याचं काम पात्यांवर टाकणं म्हणजे घड्याळजीच्या चिमट्याचं काम पहारीने करण्यासारखं आहे. हे काम कन्व्हर्टरचं. वेग थोडा चढला की त्याने टॉर्क थोडा उतरवायचा, वेग उतरला की टॉर्क चढवायचा, म्हणजे गुणाकार कायम राहतो.

मग पात्यांना काय काम उरतं? वाऱ्यातून येणारी जास्तीची ऊर्जा रोटरमध्ये साठत जाऊ नये हे बघण्याचं. रोटर आणि जनरेटर मिळून रेटेड वेगाला सुमारे ३५ मेगाज्यूल गतिज ऊर्जा बाळगून असतात, म्हणजे साडेसहा सेकंदांच्या पूर्ण उत्पादनाइतकी. समजा एक झुळूक १ मेगावॉट जास्तीचे देऊन गेली आणि कन्व्हर्टर ठरलेलीच वीज काढत राहिला. सेकंदाला १ मेगाज्यूल रोटरमध्ये जमा होईल आणि वेग पहिल्या सेकंदात सुमारे १.४ टक्क्यांनी वाढेल. पाती हललीच नाहीत तर तीन सेकंदांत ४ टक्के. रोटर हीच तुमची टाकी. कन्व्हर्टर तोटी एका धारेने चालू ठेवतो आणि पाती टाकीची पातळी सांभाळतात. पातळी दाखवणारा आकडा वेगाचा आहे, विजेचा नाही.

रोटर सुटला तो यामुळेच. टॉर्क कायम असताना विजेतला फरक हा वेगातलाच फरक होता, फक्त टॉर्कने गुणलेला. म्हणून तुमचा कंट्रोलर नकळत वेगावरच चालत होता आणि चालतही होता. ज्या क्षणी कन्व्हर्टरला कायम ५ मेगावॉट काढायला सांगितलं, त्या क्षणी विजेतला फरक शून्य झाला. पात्यांच्या कंट्रोलरला सगळं आलबेल दिसू लागलं आणि टाकी मात्र भरत राहिली. तेव्हा पहिली दुरुस्ती ही: पात्यांच्या पीआयला जनरेटरच्या वेगातला फरक द्या आणि वीज कन्व्हर्टरकडे सोपवा.

या वाटणीची थोडी किंमत मोजावी लागते, तीही जाणून घ्या. वेग वाढल्यावर टॉर्क कमी करणं म्हणजे पळणाऱ्या रोटरचा ब्रेक सैल करणं. वेगाच्या गणितात ही उणे डॅम्पिंग येते. किती येते ते काढता येतं: शाफ्टवरची शक्ती भागिले रोटरच्या वेगाचा वर्ग, आणि त्याला पुन्हा एकूण जडत्वाने भागायचं. या यंत्राला उत्तर सुमारे ०.०७५ प्रति सेकंद येतं. पात्यांचा कंट्रोलर ०.८४ इतकी डॅम्पिंग देतो, त्यातून हे वजा जातं. ०.७ धरलेलं डॅम्पिंगचं प्रमाण ०.६४ वर उतरतं. जमिनीवरच्या टॉवरसाठी मी हे निःशंकपणे स्वीकारतो.

आता २२ मी./से.ची थरथर.

रेटेड वाऱ्याच्या वर वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ११.४ मी./से.ला या रोटरच्या क्षेत्रातून सुमारे ११.३ मेगावॉट वारा जातो, त्यातले ५.३ घ्यायचे. २० ला ६१ मेगावॉट जातो आणि घ्यायचे तेवढेच ५.३. म्हणून पाती फेदरकडे वळवून वाऱ्याला वाट करून द्यायची. रिपोर्टमधल्या तक्त्यात १२ मी./से.ला पात्याचा कोन ३.८३ अंश आहे, १५ ला १०.४५, २० ला १७.४७, २२ ला १९.९४ आणि २५ ला २३.४७.

तक्त्याकडे बघून वाटेल की पुढे पुढे कोन संथपणे वाढतो, म्हणजे पात्याची पकड ढिली होत असावी. खरं तर उलटं आहे. सुरुवातीला एका मी./से.मागे जवळपास तीन अंश लागतात, पुढे सव्वा अंशात भागतं. एका अंशाने शक्तीत पडणारा फरक वारा वाढेल तसा वाढत जातो.

असं का होतं ते पात्याच्या एका छेदावर बघा. मध्यापासून ४५ मीटरवरचा छेद सेकंदाला ५७ मीटर वेगाने फिरतोय. रेटेड वाऱ्याला रोटर हवेला अडवून तिचा वेग कमी करतो, त्यामुळे त्या छेदावर हवा फिरण्याच्या पातळीशी जेमतेम सात-आठ अंशांचा कोन करून येते. २२ ला रोटरचा अडथळा फार थोडा उरतो आणि तोच कोन २१ अंशांच्या आसपास जातो. पातं एक अंश वळवलं की लिफ्टमध्ये पडणारा फरक दोन्हीकडे साधारण सारखाच असतो, कारण छेदावरून जाणाऱ्या हवेचा वेग मुख्यतः फिरण्यातून येतो. पण लिफ्ट त्या हवेच्या काटकोनात असते, आणि तिच्यातला रोटर फिरवणारा भाग त्या कोनाच्या ज्येवर अवलंबून असतो. आठ अंशांची ज्या ०.१४, एकवीस अंशांची ०.३६. म्हणजे नुसत्या भूमितीनेच अडीच पट. वर आणखी एक कारण. रेटेडच्या जवळ आपण शक्ती-गुणांकाच्या माथ्याजवळ उभे असतो. माथ्यावर जमीन सपाट असते, दोन पावलं इकडे-तिकडे टाकली तरी उंची फारशी बदलत नाही. वारा वाढला की आपण उतारावर येतो.

दोन्ही मिळून होणारा परिणाम या यंत्रासाठी एका सोप्या नियमात बसवला आहे. शून्य अंशाला कोनाची शक्तीवरची पकड दर रेडियनला सुमारे २५.५ मेगावॉट आहे. ती कोनाबरोबर सरळ रेषेत वाढते आणि ६.३ अंशांना दुप्पट होते. म्हणजे १९.९४ अंशांना, तुमच्या २२ मी./से.ला, ती ४.१६ पट झालेली असते. तुमचे गेन तेच राहिले, पण लूपची एकूण ताकद चौपट झाली.

‘चौपट झाली तर झाली, दुरुस्ती अधिक जोमाने होईल,’ असं कागदावर वाटतं. साध्या दुसऱ्या घाताच्या समीकरणात तर ताकद वाढली की डॅम्पिंगचं प्रमाणही वाढतं, ०.७ चं १.४ होतं. माझ्या हाताखाली आलेली बरीच हुशार मुलं इथेच अडली आहेत, कारण समीकरण खोटं बोलत नसतं, पण त्यात उशीर लिहिलेला नसतो. प्रत्यक्षात वेगाचं मोजमाप फिल्टरमधून येतं. या यंत्रात तो फिल्टर ०.२५ हर्ट्झचा आहे, कारण त्याच्या चौपट वारंवारतेला पात्यांचं कडेकडेचं कंपन असतं आणि त्याच्यामागे पात्यांनी धावू नये. त्यानंतर पात्यांची मोटर किंवा हायड्रॉलिक सिलिंडर, संदेशाचा वेळ, असं सगळं मिळून मी ०.२ सेकंदाचा उशीर धरतो. तुमच्या मॉडेलमध्ये तो वेगळा असेल तर तोच घाला.

आता दोन्ही वाऱ्यांना हिशेब करू. शून्य अंशासाठी काढलेले गेन असे येतात: लूपची नैसर्गिक वारंवारता ०.६ रेडियन प्रति सेकंद आणि डॅम्पिंग ०.७ हवं असं ठरवायचं, आणि मग

```
KP = 2*I*Om0*zeta*wn / (N*S0)
KI = I*Om0*wn^2 / (N*S0)

I   = 43.78e6 kg m^2   Om0 = 1.267 rad/s   N = 97
S0  = 25.52e6 W/rad    wn  = 0.6 rad/s     zeta = 0.7
KP  = 0.01882 s        KI  = 0.00807
```

इथे `I` म्हणजे मंद शाफ्टवर आणलेलं रोटर आणि जनरेटरचं एकत्र जडत्व, आणि फरक जनरेटरच्या वेगातला, रेडियन प्रति सेकंदात. आकडे स्वतः एकदा घालून बघा, रिपोर्टमधले गेन जवळजवळ तंतोतंत येतात.

या गेनवर शून्य अंशाजवळ लूपची पकड सुमारे ०.८३ रेडियन प्रति सेकंदापर्यंत पोचते. दुरुस्ती उशिरा पोचून उलट धक्का व्हायला किती अंशांची फट शिल्लक आहे, ते म्हणजे फेज मार्जिन. फिल्टर धरून ती सुमारे ३५ अंश राहते आणि ०.२ सेकंदाच्या उशिरात त्यातले साडेनऊ जातात. उरले २५. ऐसपैस नाही, पण चालतं. तुमच्या १२ मी./से.ला ताकद १.६ पट झालेली असते आणि फट २० च्या आसपास उरते. म्हणून तिथे ‘बरं’ चालतं.

२२ ला तेच गेन ठेवले की पकड २.१२ रेडियन प्रति सेकंदापर्यंत ताणली जाते. तिथे फिल्टरच ५३ अंश खातो आणि उशीर आणखी २४. फट उरते अंशभर. दुरुस्ती पोचेपर्यंत रोटरचं डोलणं अर्ध्यावर पोचलेलं असतं, आणि पाती त्याला थांबवण्याऐवजी झोपाळ्याला देतात तसा झोका देतात. या हिशेबात रोटरला हवेतून मिळणारी स्वतःची डॅम्पिंग धरलेली नाही, म्हणून प्रत्यक्ष मॉडेल इतकं काठावर नसेल. पण कडा कोणत्या बाजूला आहे ते यातून स्पष्ट दिसतं.

आणि टॉवर का डुलतो? या यंत्राच्या टॉवरची पुढे-मागे डुलण्याची पहिली वारंवारता ०.३२४ हर्ट्झ आहे, म्हणजे २.०४ रेडियन प्रति सेकंद. तुमचा लूप २.१२ ला येऊन उभा राहिला आहे, अगदी टॉवरच्या दारात. पाती फेदरकडे गेली की नुसती शक्ती कमी होत नाही, रोटरवरचा वाऱ्याचा रेटाही कमी होतो. म्हणजे पाती टॉवरच्या स्वतःच्या लयीत त्याला ढकलत आणि सोडत आहेत. तुमच्या आलेखात डुलण्याचा आवर्तकाळ मोजा. तो तीन सेकंदांच्या जवळ निघाला तर हेच घडतंय.

औषध आता उघड आहे. पात्यांची ताकद कोनाबरोबर जितकी वाढते, तितक्याच प्रमाणात गेन उतरवायचे. सगळीकडे एकच कमी गेन ठेवला तर १२ ला काय होतं ते तुम्ही अनुभवलंच. गेन कोनाप्रमाणे बदलायचा:

```
GK   = 1.0 / (1.0 + theta/theta_K)     # theta_K = 0.11 rad
e    = omega_f - omega_rated
th_I = th_I + GK*KI*e*dt
th_I = min(max(th_I, th_min), th_max)
th   = GK*KP*e + th_I
th   = min(max(th, th_min), th_max)
```

यानंतर सेकंदाला ८ अंशांची मर्यादा लावा. यातला `omega_f` म्हणजे फिल्टरमधून आलेला जनरेटरचा वेग आणि `theta` म्हणजे मागच्या पावलातला पात्याचा मोजलेला कोन. वाऱ्याचा वेग मी मुद्दाम वापरत नाही. नॅसेलवरचा वारामापक रोटरच्या मागे, एका बिंदूवर असतो. १२६ मीटरच्या वर्तुळात काय चाललंय ते त्याला धड कळत नाही. कोनच खरा वारामापक आहे, कारण एवढी शक्ती रोखायला किती वळावं लागलं हे तोच सांगतो.

याचा अर्थ आकड्यांत बघा. वेग ५ टक्के चढला तर रेटेडच्या जवळ प्रपोर्शनल भाग पात्याला ६.६ अंश वळायला सांगतो, २२ मी./से.ला तेवढ्याच चुकीसाठी फक्त १.६ अंश. रोटरवर परिणाम दोन्हीकडे सारखाच. लूप पुन्हा ०.८३ वर येऊन बसतो आणि टॉवरपासून पुरेसा लांब राहतो.

कोडमधल्या एका गोष्टीकडे लक्ष द्या. `GK` मी साठवण्याच्या आधी गुणला आहे. बरेच जण आधी नुसती चूक साठवत जातात आणि शेवटी एकूण बेरजेला `GK` ने गुणतात. सरळ चालू स्थितीत दोन्हींचं उत्तर एकच दिसतं. पण तसं केलं की कोन थोडा वाढला, की `GK` कमी होतो आणि आधी साठलेला सगळा कोनही थोडा मागे ओढला जातो. हिशेब केला तर इंटिग्रल भागाचा प्रत्यक्ष गेन `1/(1+2*theta/theta_K)` इतका उतरतो. २२ ला हवा होता ०.२४, मिळतो ०.१४. यंत्र अस्थिर होत नाही, सुस्त होतं, आणि ती सुस्ती कुठून आली हे शोधण्यात दिवस जातात. कोनातच साठवणूक केली की हा प्रश्न येत नाही, आणि वारा पडल्यावर साठवणूक शून्याला अडवणंही सोपं होतं. ती अडवली नाही, तर रेटेडखालच्या दहा मिनिटांत साठलेली उणी बेरीज पुढच्या झुळकीला पाती वेळेवर उठू देत नाही. ओव्हरस्पीडच्या ट्रिपचं हे नेहमीचं कारण आहे.

रेटेडच्या उंबरठ्यावर आणखी एक काळजी घ्या. वारा ११ च्या खाली घसरला तर कायम वीज काढणारा कन्व्हर्टर वेग पडताना टॉर्क वाढवत जातो, वेग आणखी पडतो, आणि काही सेकंदांत रोटर गळफास बसल्यासारखा मंदावतो. म्हणून टॉर्कला रेटेडच्या १० टक्के वर पक्की मर्यादा ठेवायची. संदर्भ-यंत्रात नियम असा आहे की पात्यांचा कोन १ अंशापेक्षा जास्त असेल, तर वेग क्षणभर रेटेडखाली गेला तरी कायम विजेचाच हिशेब चालू ठेवायचा. कोन एवढा आहे म्हणजे वाऱ्यात शिल्लक आहे, पाती पुढच्या क्षणी ती घेतील. यामुळे विजेतले खड्डे बरेच भरतात, बदल्यात गिअरबॉक्सला थोडा वेळ जास्त टॉर्क सोसावा लागतो. मला हा सौदा पटतो, पण मर्यादा मात्र कधी सैल करू नका.

सिम्युलेशनमध्ये हे दिसायला सोपं, साइटवर मात्र लपून राहतं, म्हणून एक अनुभव सांगतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका पठारावर, पावसाळ्यातल्या जोराच्या वाऱ्यात, एका रांगेतल्या तीन मशीन टॉवरच्या कंपनावर वारंवार ट्रिप होत होत्या. दहा मिनिटांच्या सरासरीच्या नोंदी बघितल्या तर वीज अगदी रेटेडवर, वेग रेटेडवर, कोन वाऱ्याला शोभेसा. सगळं निर्दोष. साइटवरच्या लोकांनी आधी कंपनाचे सेन्सर बदलले, मग फाउंडेशनचे बोल्ट पुन्हा आवळले. गेले तीन आठवडे. पावसात, धुक्यात, ऐंशी मीटर शिडी चढून सेन्सर बदलणाऱ्या आणि खाली बोल्ट आवळणाऱ्या माणसांचे ते श्रम मला आजही खुपतात, कारण उत्तर नोंदींतच होतं.

सरासरीत डोलणं दिसत नाही, ते विचलनात दिसतं. आम्ही जनरेटरच्या वेगाचं दहा मिनिटांतलं प्रमाण विचलन वाऱ्याच्या सरासरी वेगासमोर मांडलं. शेजारच्या मशीनमध्ये ते वाऱ्याबरोबर हळूहळू चढत होतं. वाऱ्यातला खळखळाट वाढतो, तेवढं ते असणारच. या तीन मशीनमध्ये मात्र १७ च्या पुढे ठिपके एकदम वर उसळले होते. मग एका मशीनवर सेकंदाला दहा नोंदी घेतल्या. तिन्ही पात्यांना जाणारी आज्ञाच मुळात डोलत होती आणि पाती तिच्या मागे इमानाने फिरत होती. सॉफ्टवेअर बदलताना गेनचा तक्ता दुसऱ्या लांबीच्या पात्यांचा बसला होता. तक्ता बदलला आणि ट्रिप थांबल्या.

आज्ञा आणि प्रत्यक्ष कोन शेजारी ठेवून बघण्याची सवय लावून घ्या, कारण थरथर दुसऱ्या मार्गानेही येते. एखाद्या पात्याचं बेअरिंग कोरडं पडलं किंवा हायड्रॉलिक व्हॉल्व्ह अडकत असला, तर आज्ञा गुळगुळीत चढते आणि ते एक पातं जागेवर थांबून मग उडी मारतं. आलेख गोलसर लाटेऐवजी पायऱ्यांचा दिसतो, आणि फरक तिन्ही पात्यांत नसून एकाच पात्यात असतो. तिथे गेन कमी करून डोलणं तात्पुरतं दबेल, पण दुखणं बेअरिंगचं आहे आणि ते वाढतच जाईल. आज्ञाच डोलत असेल तर कंट्रोलर तपासा. आज्ञा शांत आणि पातं अशांत असेल तर ग्रीस, व्हॉल्व्ह, मोटर.

एक मर्यादा लक्षात ठेवा. हे सगळे आकडे जमिनीत रोवलेल्या टॉवरचे आहेत. हेच यंत्र तरंगत्या खांबावर बसवलं की ०.६ चालत नाही. तरंगता खांब अर्ध्या मिनिटाच्या लयीत पुढे-मागे झुकतो, सुमारे ०.२१ रेडियन प्रति सेकंद. तो पुढे, वारा येतो त्या बाजूला झुकत गेला की रोटरला वारा जास्त लागतो, कंट्रोलर पाती फेदरकडे नेतो, रेटा कमी होतो, आणि खांबाला मागे ढकलणारा हातच निघून जातो. म्हणून हायविंडवर आधारलेल्या संदर्भ-मॉडेलमध्ये लूपची वारंवारता ०.२ वर आणली आणि कायम वीज सोडून कायम टॉर्क घेतला. वेग आणि वीज दोन्ही जास्त हलतात, ते तिथे सोसलं जातं. तुमचं मॉडेल कोणत्या पायावर आहे ते आधी बघा.

आता करायचं इतकंच. पीआयला वेगातला फरक द्या, टॉर्क वेगाच्या व्यस्त ठेवा आणि त्याला वरची मर्यादा घाला, वरचा `GK` बसवा. मग खळखळाट नसलेला वारा घ्या आणि १२ पासून २४ पर्यंत दर शंभर सेकंदांनी १ मी./से.ची पायरी चढवा. वेगाचा आलेख बघा. प्रत्येक पायरीनंतर वेग साधारण सारख्याच वेळात आणि सारख्याच वळणाने जागेवर यायला हवा. वरच्या पायऱ्यांवर तो अधिक अधिक डोलत गेला तर `theta_K` तुमच्या पात्यांना मोठा पडतोय, सुस्तावत गेला तर लहान. तसं झालं तर संदर्भ-यंत्राचा आकडा सोडून स्वतःच्या मॉडेलमधून काढा: वेग १२.१ फेऱ्यांवर बांधून ठेवायचा, प्रत्येक वाऱ्याला कोन अर्धा अंश वर-खाली करून शक्तीतला फरक मोजायचा आणि त्या ठिपक्यांतून सरळ रेषा काढायची. ती रेषा शून्य अंशाच्या किमतीच्या दुप्पट जिथे होते, तो कोन म्हणजे तुमचा `theta_K`.